जुन्या मेंबरला बोलावताना: आधी पहिला दिवस ठरवा, मग मेसेज लिहा

प्रश्न: "माझ्या जिममधले साधारण दोनशे जुने मेंबर दोन-चार महिन्यांपासून येत नाहीत. मी सगळ्यांना मेसेज केला, 'तुमची खूप आठवण येते! बहाणे सोडा, परत या, फक्त तीन दिवस अर्धी फी.' चार जण आले, काहींनी नंबर ब्लॉक केला आणि एका बाईंनी लिहिलं, 'यायचंय हो, पण आता तोंड दाखवायची लाज वाटते.' लाज न वाटता यावंसं वाटेल असं काय लिहू?"

त्या बाईंचं उत्तर पुन्हा एकदा नीट वाचा. व्यायाम नको असं त्या म्हणत नाहीत, फी जास्त आहे असंही म्हणत नाहीत. त्यांना नकोशी वाटतात ती दारातून आत शिरतानाची पहिली दहा मिनिटं. मी १४ वर्षं जिम चालवते आहे, आणि सुटलेल्या मेंबरांशी जितकं बोलले त्यात हेच पुन:पुन्हा ऐकलं. सहा-सात महिने नियमित येऊन थांबलेल्या माणसाला व्यायामाचे फायदे सांगावे लागत नाहीत, ते त्यानं स्वतः अनुभवलेले असतात. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू असतं. रिसेप्शनवर कोणीतरी विचारणार, इतके दिवस कुठे होता. ज्या रॅकवर मी ६० किलो घेत होतो तिथे आता ३० घेताना सगळे बघणार. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही. आणि आत गेलो की लगेच रिन्युअलचा विषय निघणार.

यातल्या एकाही गोष्टीवर अर्ध्या फीचा उपाय चालत नाही. म्हणून मी मेसेज सगळ्यात शेवटी लिहिते. आधी परतीचा पहिला दिवस ठरवते, तो जिममध्ये खरोखर तसा होईल याची तजवीज करते, आणि मग तो दिवस कसा असेल एवढंच मेसेजमध्ये सांगते. परत यायचं कारण म्हणजे तो ठरलेला, छोटा, सोपा दिवस.

त्याआधी यादीकडे बघा. दोनशे नावांना एकच मेसेज लागू पडणार नाही, आणि इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. ज्यांना जाऊन तीन-चार आठवडेच झालेत त्यांच्यासाठी हे सगळं लागत नाही, त्यांच्या ट्रेनरनं साधा फोन केला तरी पुरतं. जे चार-पाच वेळा येऊन थांबले त्यांची सवय कधी लागलीच नव्हती, त्यांना 'परत या' म्हणण्यात अर्थ नाही, ते नवीन मेंबरच आहेत. ज्यांना वर्ष उलटून गेलं त्यांचंही जवळजवळ तसंच. ज्यांनी गाव सोडलं, ज्यांचं भांडण झालं होतं, ज्यांनी मेसेज करू नका म्हणून सांगितलं, ती नावं काढून टाका. घरात आजारपण किंवा कोणाचं जाणं झालंय असं माहीत असेल तर त्यांना या यादीतून मेसेज जाता कामा नये. जायचाच असेल तर एखाद्या ओळखीच्या माणसाचा विचारपूस करणारा फोन जावा, आणि त्यात जिमचा विषय नको.

एक गट वेगळा काढावा लागतो, ज्यांची मेंबरशिप अजून चालू आहे पण ते येत नाहीत. त्यांना उठवलं तर पैसे परत मागतील, त्यापेक्षा गप्प बसा, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. मला तो पटत नाही. त्यांना उरलेले दिवस फ्रीझ करता येतात हे स्पष्ट सांगावं. काही जण त्यानंतर मेंबरशिप बंद करतील, हे धरूनच चाला. पण आपण पैसे घेऊन गप्प बसलो होतो हे एकदा त्यांच्या लक्षात आलं की तो माणूस परत तर येत नाहीच, इतरांनाही सांगतो.

एवढी चाळणी लावल्यावर उरतात ते लोक, जे निदान तीन महिने बऱ्यापैकी नियमित येत होते आणि ज्यांना थांबून दीड ते सहा महिने झालेत. तुमच्या दोनशेतून अशी समजा ऐंशी नावं निघाली. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आता पहिला दिवस. माझ्याकडे तो अर्ध्या तासाचा असतो: पाच मिनिटं चालणं, मग जुन्या कार्डावरचे चारच व्यायाम, प्रत्येकाचे दोन सेट, वजन आधीच्या निम्मं. जो ६० किलोनं आठ रेप्सचे तीन सेट स्क्वॉट करत होता, तो ३० किलोनं आठचे दोन सेट करतो. प्रत्येक सेट संपताना 'अजून चार-पाच सहज झाले असते' असं वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर वजन आणखी खाली.

एवढं हलकं कशासाठी? सुटलेला मेंबर या बाबतीत नवख्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. नवख्याला आपण किती उचलू शकतो हे माहीत नसतं, म्हणून तो जपून करतो. जुन्याला त्याचा आकडा पाठ असतो. गेलेली ताकद पहिल्यांदा कमावताना लागला त्यापेक्षा कमी वेळात परत येते, पण त्या दिवशी स्नायूंची सवय मोडलेली असते. जुन्या वजनानं केलं की अंगदुखी २४ ते ७२ तासांत कळसाला पोचते, तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठवत नाही, आणि माणूस दुसऱ्यांदा येत नाही. क्वचित प्रकरण याहून गंभीर होतं. स्नायूंना जास्त इजा झाली तर लघवी गडद तपकिरी होते, स्नायू सुजतात, आणि तेव्हा ताबडतोब डॉक्टरकडे जावं लागतं, कारण मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो. म्हणून निम्म्या वजनाचा नियम मी ट्रेनरच्या मर्जीवर सोडत नाही. मेंबर कितीही म्हणाला की 'जमतंय, वाढवा', पहिल्या दिवशी वाढवायचं नाही. आल्यावर बाजूला घेऊन मध्ये काही आजार, ऑपरेशन, गरोदरपण झालं का तेही विचारावं, आणि झालं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच सुरू करावं. हा प्रश्न समोरासमोर आणि हळू आवाजात विचारायचा, मेसेजमध्ये नाही.

या निम्म्या वजनाचा मेसेजला फायदा असा की मेंबरची सगळ्यात मोठी धास्ती आपण त्याच्याआधी बोलून दाखवतो. वजन कमी घ्यावं लागेल ही त्याला लाज वाटते. 'आम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांचं वजन निम्मं ठेवतो' असं आधीच कळलं की ती जिमची पद्धत ठरते, त्याच्यातली उणीव राहत नाही.

आता तुमचा मेसेज बघू. 'तुमची खूप आठवण येते' हे प्रेमाचं वाक्य आहे, पण ते एखाद्या व्यक्तीनं म्हटलं तर. दोनशे जणांना एकदम गेलेलं असलं की वाचणाऱ्याला ते खोटं वाटतं, आणि खरं वाटलंच तर आपण कोणाचं तरी मन मोडलं असा भार पडतो. 'बहाणे सोडा' म्हणताना तुम्ही हे गृहीत धरता की त्याच्याकडे कारण नव्हतं, बहाणा होता. कोणाची आई दवाखान्यात होती, कोणाची नोकरी गेली होती, तुम्हाला कुठे माहीत? आणि 'फक्त तीन दिवस' या शब्दांनी आधीच बिचकलेल्या माणसाला घाई होते. घाई झालेला बिचकलेला माणूस 'आता नकोच' म्हणून मोकळा होतो. शिवाय नियमित पूर्ण फी भरणाऱ्याला ही सूट कळली की त्याला वाटतं, दोन महिने दांडी मारली असती तर बरं झालं असतं.

अशी आणखी काही वाक्यं मी स्वतः लिहून पाहिली आणि काढून टाकली. 'तुम्ही शेवटचे ८७ दिवसांपूर्वी आला होता' हे सॉफ्टवेअर आपोआप लिहून देतं, आणि वाचताना शाळेचं हजेरीपत्रक हातात आल्यासारखं वाटतं. 'कधीच उशीर झालेला नसतो' हे धीर द्यायला लिहितात, पण त्यातून उशीर झालाय एवढंच डोक्यात राहतं. 'का येत नाही, काही अडचण आहे का?' हे मला बरेच दिवस आपुलकीचं वाटायचं. नंतर लक्षात आलं की पहिल्याच मेसेजमध्ये हा प्रश्न म्हणजे खुलासा मागणं आहे. कारण सांगावंसं वाटलं तर लोक आपणहून सांगतात. वजन, माप, आधीचे-नंतरचे फोटो यांतलं तर काहीच नको.

या सगळ्यातून गाळून जो मेसेज मी आता वापरते तो असा:

"नमस्कार (नाव), मी (ट्रेनरचं नाव), जिममधून. तुमचं व्यायामाचं कार्ड माझ्याकडे आहे. पुढच्या मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ७ ते ८ हा वेळ मी परत सुरू करणाऱ्यांसाठी ठेवलाय. अर्धा तास, चार व्यायाम, वजन सगळ्यांचंच आधीच्या निम्मं. मी सोबत असेन. त्या दिवसाचे पैसे नाहीत आणि मेंबरशिपचा विषयही त्या दिवशी काढणार नाही. यायचं असेल तर 'मंगळ' किंवा 'गुरु' एवढंच लिहा. सध्या नको असेल तर 'नको' लिहा, मग मी पुन्हा मेसेज करणार नाही."

यात गैरहजेरीचा एकही शब्द नाही. तो किती दिवस आला नाही हे त्यालाही माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे, लिहून काय मिळणार? 'कार्ड माझ्याकडे आहे' या वाक्यानं मात्र त्याची जागा अजून इथे आहे हे कळतं. मेसेज जिमच्या नावानं न जाता त्यांच्या ओळखीच्या ट्रेनरच्या नावानं जातो, कारण आत शिरताना त्यांना चेहरा हवा असतो, बोर्ड नव्हे. तो ट्रेनर नोकरी सोडून गेला असेल तर तसं लिहा आणि आता कोण भेटेल ते सांगा, नाहीतर माणूस येतो आणि अनोळखी चेहरा बघून दारातच अडखळतो. पैशांचं वाक्य मी मुद्दाम स्पष्ट ठेवते, कारण फुकट म्हटलं की लोकांना पुढचा गळ दिसतो. तो गळ नाही असं लिहायचं आणि खरंच तसं वागायचं. रिन्युअलचं बोलणं मी तिसऱ्या फेरीला करते.

उत्तर एका शब्दाचं ठेवलंय तेही विचारपूर्वक. लाजलेल्या माणसाला लांब उत्तर लिहायचं म्हटलं की माफी मागून सुरुवात करावी लागते, आणि ती टाळायला तो उत्तरच देत नाही. 'मंगळ' लिहिताना माफी मागावी लागत नाही. 'नको'ची सोय दिली तर लोक जातील अशी भीती तुम्हाला वाटेल. ज्याला जायचंय तो तसाही ब्लॉक करतो, हे तुम्ही पाहिलंच. ब्लॉक आणि रिपोर्ट वाढले तर जिमचा नंबर बंद पडण्याची वेळ येऊ शकते. 'नको' लिहून गेलेल्या माणसाला मात्र वर्षानं परत यायला दार उघडं राहतं, आणि तसे आलेलेही आहेत.

एखाद्याचं जाण्याचं नेमकं कारण तुम्हाला माहीत असेल आणि ते दूर झालं असेल, तर तेच सगळ्यात चांगलं कारण. संध्याकाळी रॅकसाठी थांबावं लागतं म्हणून कोणी कंटाळला होता आणि तुम्ही दुसरा रॅक घेतलाय, तर पहिल्या ओळीत तेवढंच लिहा: 'तुम्ही रॅकचं म्हणाला होता, आता दोन आहेत.' त्यानं सांगितलेलं कोणीतरी लक्षात ठेवलं, हे त्याला पोचतं. फक्त खरं असलं पाहिजे. नुसती भिंत रंगवून 'नवीन रूपात' म्हणू नका.

पाठवण्याचं थोडक्यात सांगते. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही, आणि लोकांना तो चटकन ओळखू येतो. ट्रेनरनं हातानं, आठवड्याला दहा-बारा जणांनाच पाठवावा. कारण व्यवहाराचं आहे: दोन संध्याकाळी मिळून ट्रेनर सहा-सात जणांकडेच नीट लक्ष देऊ शकतो, आणि 'मी सोबत असेन' लिहून तो दुसऱ्याकडे बघत राहिला तर मेसेज खोटा ठरतो. ऐंशी नावांना सात-आठ आठवडे लागतील, लागू द्या. दिवस निवडायचा तर नव्या आठवड्याची किंवा महिन्याची सुरुवात बरी. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एका विद्यापीठाच्या जिमची हजेरी तपासली, तेव्हा आठवडा, महिना, सत्र यांच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर लोक जास्त येताना दिसले. मागचं पान उलटल्यासारखं वाटत असावं. म्हणून मी शनिवार-रविवारी मेसेज पाठवते आणि मंगळवारचा दिवस देते. नव्या वर्षाचे पहिले दोन-तीन आठवडे मात्र टाळते. तेव्हा जिम भरलेलं असतं, आणि बिचकलेल्या माणसाला नेमकी तीच गर्दी नको असते.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच दोन ओळी: 'या आठवड्यातही मंगळ-गुरु ७ ते ८ आहे. जमलं तर या.' 'तुम्ही उत्तर दिलं नाही' हे लिहायचं नाही. त्यानंतर काही खरंच बदलेपर्यंत गप्प राहायचं.

आता सगळ्यात जास्त जपायची जागा सांगते, कारण मी तिथेच एक माणूस गमावला. सात महिने आठवड्यातून तीनदा येणारे एक मेंबर होते, चार महिने आलेच नाहीत. मेसेज त्यांनी वाचला, नऊ दिवस उत्तर नाही, मग एका मंगळवारी काही न कळवता आले. मेंबरशिप संपलेली असल्यामुळे दारावरच्या मशीननं त्यांचं बोट घेतलं नाही. लाल दिवा लागला, आवाज झाला, मागे दोन जण खोळंबले. रिसेप्शनवरच्या मुलानं मोठ्यानं, अगदी मनापासून आनंदानं म्हटलं, "अरे वा, किती दिवसांनी! आम्हाला वाटलं सोडलंत!" त्यांनी पंधरा मिनिटं ट्रेडमिलवर चालून घेतलं आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत. मेसेज योग्य होता, त्या मुलाच्या मनातही काही वाईट नव्हतं. पण मेसेजनं जे होणार नाही असं सांगितलं होतं तेच दारात झालं.

तेव्हापासून मेसेज पाठवायच्या आदल्या दिवशीच त्या सगळ्यांचा प्रवेश मशीनमध्ये महिनाभरासाठी चालू करून ठेवला जातो, उत्तर येवो न येवो. नावांची यादी रिसेप्शनवर असते. आणि म्हणायचं वाक्य ठरलेलं आहे: "नमस्कार, या. (ट्रेनरचं नाव) आत आहेत." बस, एवढंच. ट्रेनरलाही 'सुटलात', 'बारीक झालात', 'किती दिवसांनी' हे तिन्ही शब्द बंद. ओळखीचे जुने मेंबर म्हणतीलच, त्याला इलाज नाही, पण निदान आपल्या माणसांनी नको.

परतीचा खरा निकाल पहिल्या फेरीवर ठरवू नका, दोन आठवड्यांच्या आत दुसरी फेरी झाली का ते मोजा. पहिल्या दिवशी निघतानाच दुसरा दिवस कार्डावर लिहून द्या आणि एक गोष्ट सांगा: मध्ये एखादा दिवस चुकला तर भरपाई करायची नाही, पुढच्या ठरलेल्या दिवशी यायचं. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा प्रयोग छापून आला होता, अमेरिकेतल्या एका जिमसाखळीचे ६१ हजारांहून जास्त मेंबर आणि हजेरी वाढवायच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या. त्यात सगळ्यात पुढे राहिली ती एक साधी युक्ती: ठरलेला व्यायाम चुकल्यावर परत येणाऱ्याला अगदी किरकोळ बक्षीस. रक्कम नगण्य होती. मी बक्षीस देत नाही, पण चुकल्यानंतरच्या फेरीला कार्डावर ट्रेनर वेगळी खूण करतो आणि ती मेंबरला दाखवतो. चुकून परत आलेली फेरी आम्ही मोजतो, हे त्याला दिसतं.

मेसेजमुळे किती फरक पडला हे बघायचं असेल तर ऐंशीतली चाळीस नावं चिठ्ठ्या टाकून दोन महिने बाजूला ठेवा, कारण काही जण मेसेज न करताही परत येतातच. पण आकडे लहान आहेत हे विसरू नका. एकीकडे सहा आणि दुसरीकडे चार आले तर त्यावरून काही ठरत नाही. सोळा आणि तीन आले तर बोलता येईल.

बाकी सगळं सुरू करायच्या आधी त्या बाईंना आजच उत्तर द्या. त्यांनी लिहायचं धाडस केलंय आणि बहुधा त्या वाट बघत असतील. मी असं लिहीन: "तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मेसेज मी चुकीच्या शब्दांत लिहिला होता, त्याबद्दल माफ करा. गुरुवारी दुपारी ३ वाजता जिम जवळजवळ रिकामं असतं. मी दारातच असेन. अर्धा तास, हलकं करू. गुरुवार नको असेल तर तुम्हाला सोयीचा दिवस सांगा, घाई नाही."